चढता हप्ता, उतरता हप्ता आणि शिल्लक मुद्दलाचा रकाना

गृहकर्ज घेणाऱ्याला बँकेत सहसा एकच आकडा ऐकायला मिळतो, तो म्हणजे महिन्याचा हप्ता. तीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत, हप्ता २६,९९२ रुपये. पगारातून तेवढे निघतात का, हे माणूस मनात ताडून पाहतो आणि सही करतो. नुकतीच नोकरी लागलेल्या मुलाला किंवा मुलीला हा आकडा जड वाटला, तर समोरचा अधिकारी म्हणतो, ‘चढता हप्ता घ्या. आता कमी भरा, पगार वाढेल तसा हप्ता वाढेल.’ दहा वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला उलटा सल्ला मिळतो: आता जास्त भरा, नंतर कमी. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. पण हप्त्याचा आकार बदलला की व्याजाची एकूण रक्कमही बदलते. किती आणि का, हे तिथे उभ्या-उभ्या सांगितले जात नाही. या प्रकरणात वरचेच कर्ज घेऊन तो हिशेब शेवटपर्यंत करू. सोपेपणासाठी व्याजदर वीस वर्षे नऊ टक्केच राहील असे धरू. तो बदलला तर काय होते, ते नंतर पाहू.

आधी नेहमीचा समान हप्ता. नऊ टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. पहिल्या महिन्यात तीस लाखांवर पाऊण टक्क्याने २२,५०० रुपये व्याज होते. हप्ता २६,९९२ रुपयांचा, म्हणजे मुद्दलात फक्त ४,४९२ रुपये जमा होतात. दुसऱ्या महिन्यात व्याज तेवढ्या कमी झालेल्या मुद्दलावर लागते, म्हणून ते चौतीस रुपयांनी उतरते आणि तेच चौतीस रुपये मुद्दलाकडे वळतात. ही सरक सुरुवातीला फारच मंद असते. पाच वर्षे नेमाने हप्ते भरल्यावर शिल्लक मुद्दल २६.६१ लाख असते, दहा वर्षांनी २१.३१ लाख. अर्धी मुदत संपली तरी तिसरा हिस्सासुद्धा फिटलेला नसतो. वीस वर्षांत एकूण ६४.७८ लाख रुपये भरले जातात, त्यांतले ३४.७८ लाख व्याजाचे.

हे ३४.७८ लाख येतात कुठून? बँक दर महिन्याला त्या दिवशी शिल्लक असलेल्या मुद्दलावर पाऊण टक्का आकारते, बाकी काही करत नाही. म्हणून एकूण व्याज काढण्याचा एक सरळ मार्ग आहे: वीस वर्षांच्या सगळ्या महिन्यांतल्या शिल्लक मुद्दलाची सरासरी काढायची आणि तिच्यावर वीस वर्षांचे नऊ टक्के सरळव्याज लावायचे. समान हप्त्यात ही सरासरी १९.३२ लाख भरते. त्याचे नऊ टक्के म्हणजे वर्षाला १.७४ लाख, आणि वीस वर्षांचे ३४.७८ लाख. चक्रवाढीची भीती, सूत्रातले घातांक, सगळे बाजूला ठेवले तरी चालते. आपले सरासरी कर्ज किती होते, एवढ्या एका प्रश्नात व्याजाचे सगळे उत्तर आहे. चढता आणि उतरता हप्ता ही सरासरी हलवतात. व्याजदराला ते हात लावत नाहीत.

आता चढता हप्ता. आपल्याकडे एचडीएफसीने ‘सर्फ’ या नावाने आणि स्टेट बँकेने ‘फ्लेक्सिपे’ या नावाने अशी कर्जे दिली आहेत. पगारदार तरुण हे त्यांचे मुख्य ग्राहक. रचना बँकेगणिक वेगळी असते, म्हणून दोन टोकांची उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण सौम्य आहे. पहिली तीन वर्षे फक्त व्याज भरायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही. हप्ता २२,५०० रुपये, म्हणजे समान हप्त्यापेक्षा सुमारे साडेचार हजारांनी हलका. छत्तीस महिन्यांनंतरही कर्ज तीस लाखच असते आणि आता ते सतरा वर्षांत फेडायचे असते. म्हणून सदतिसाव्या महिन्यात हप्ता एकदम २८,७६४ रुपये होतो. ही ६,२६४ रुपयांची उडी एका महिन्यात पडते, आणि त्या महिन्यात पगार वाढला आहे की नाही, हे बँक विचारत नाही. वीस वर्षांचे एकूण व्याज होते ३६.७८ लाख, समान हप्त्यापेक्षा दोन लाखांनी जास्त. तीन वर्षांच्या सवलतीची ही किंमत फार जड नाही. जोडीदाराचे शिक्षण संपायचे असेल किंवा घरभाडे आणि हप्ता एकाच वेळी भरावा लागत असेल, तर ती मोजण्यासारखी असू शकते.

दुसरे उदाहरण कागदावर अधिक आकर्षक दिसते. दर वर्षी हप्ता पाच टक्क्यांनी वाढवायचा आणि वीस वर्षांत कर्ज बरोबर संपवायचे. पगार दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढेल अशी आशा असणाऱ्याला पाच टक्के अगदी माफक वाटतात. गणित मांडले की पहिला हप्ता निघतो १८,८१५ रुपये. समान हप्त्यापेक्षा आठ हजारांहून अधिक स्वस्त! पण पहिल्याच महिन्याचे व्याज २२,५०० रुपये आहे, हे आपण वर पाहिले. हप्ता १८,८१५ आणि व्याज २२,५००. उरलेले ३,६८५ रुपये कुठे जातात? ते मुद्दलात मिळवले जातात. हप्ता वेळेवर भरूनही कर्ज वाढते आणि पुढच्या महिन्याचे व्याज त्या वाढलेल्या कर्जावर लागते.

हे एका महिन्यापुरते नसते. पहिल्या वर्षाअखेर शिल्लक ३०.४६ लाख होते, दुसऱ्या वर्षाअखेर ३०.८५ लाख, आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी ती ३१.४२ लाखांच्या शिखरावर पोहोचते. पाच वर्षांत साठ हप्ते भरले, एकही चुकवला नाही, आणि कर्ज १ लाख ४२ हजारांनी वाढले. सहाव्या वर्षी हप्ता २४,०१३ रुपये होतो तेव्हा कुठे तो व्याजाच्या वर डोके काढतो. नऊ वर्षे संपली तरी शिल्लक तीस लाखांच्या वरच, ३०.१८ लाख. विसाव्या वर्षीचा हप्ता ४७,५४५ रुपये असतो. एकूण व्याज ४४.६६ लाख, समान हप्त्यापेक्षा जवळजवळ दहा लाखांनी जास्त. सरासरीच्या भाषेत सांगायचे तर वीस वर्षांत सरासरी २४.८१ लाख रुपये बँकेला देणे राहिले, १९.३२ लाख नव्हे.

अशी रचना बँका सहसा देत नाहीत. हप्त्यातून निदान व्याज तरी निघावे, ही मर्यादा त्या पाळतात, आणि ते योग्यच आहे. पण तीच मर्यादा चढत्या हप्त्याची खरी ताकद किती, हेही सांगते. नऊ टक्के आणि वीस वर्षांच्या कर्जात पहिल्याच महिन्यापासून व्याज भागायला हवे असेल, तर वार्षिक वाढ तीन टक्केसुद्धा बसत नाही. तीन टक्क्यांनी पहिला हप्ता २१,८८१ रुपये येतो, व्याजापेक्षा थोडा कमीच. दोन टक्के वाढ बसते आणि पहिला हप्ता २३,५१९ रुपये होतो. म्हणजे समान हप्त्यापेक्षा सुरुवातीला मिळणारी खरी सवलत साडेतीन ते साडेचार हजारांच्या आसपास थांबते. लांब मुदतीच्या कर्जात समान हप्त्याचा मोठा भाग आधीच व्याजाचा असतो, त्यामुळे खाली सरकायला जागाच थोडी असते. ‘सुरुवातीला निम्मा हप्ता’ असे कुणी सांगत असेल, तर उरलेले व्याज मुद्दलात जाते आहे का, हे लगेच विचारावे.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. दहा लाख जास्त व्याज गेले म्हणजे बँकेने लुबाडले, असा अर्थ होत नाही. दर दोन्हीकडे नऊ टक्केच आहे. चढत्या हप्त्यात आपण बँकेचे पैसे जास्त काळ वापरले, त्याचे हे भाडे आहे. प्रश्न एवढाच की त्या वापरातून आपल्याला नऊ टक्क्यांहून अधिक काही मिळाले का. ज्याच्या डोक्यावर क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा महागडे वैयक्तिक कर्ज आहे, त्याने गृहकर्जाचा हप्ता हलका घेऊन ते आधी फेडले, तर तो फायद्यात राहील. सुरुवातीच्या वर्षांत वाचलेले आठ हजार मोठ्या मोटारीच्या हप्त्यात गेले, तर दहा लाखांचा खड्डा तसाच राहतो. माझ्या मते चढत्या हप्त्याचा सर्वांत वाईट उपयोग तिसराच आहे: हप्ता हलका झाला म्हणून अधिक मोठे कर्ज उचलणे. बँकेची पात्रता हप्ता आणि पगार यांच्या प्रमाणावरून ठरते. पहिला हप्ता लहान दिसला की पात्र रक्कम फुगते, आणि दोन खोल्यांच्या घरासाठी आलेला माणूस तीन खोल्यांचे घर घेऊन बाहेर पडतो. पगारवाढीची जी आशा हलक्या हप्त्यासाठी वापरली, तीच मोठ्या कर्जासाठी पुन्हा वापरली जाते. एकच आशा दोनदा खर्च होते.

बदलत्या व्याजदराचा धोकाही चढत्या हप्त्यालाच जास्त झोंबतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० टक्के झाला. दहा महिन्यांत अडीच टक्के. समजा कुणी त्याआधी सात टक्क्यांनी तीस लाख घेतले होते आणि पहिली काही वर्षे फक्त व्याज भरायचे ठरले होते. त्याचा हप्ता १७,५०० रुपये होता. दर साडेनऊ झाल्यावर नुसते व्याजच २३,७५० रुपये होते. समान हप्ता भरणाऱ्याकडे निदान मुद्दलाचा थोडा भाग गादीसारखा असतो. दर वाढला की आधी तो दबतो. फक्त व्याज भरणाऱ्याकडे ती गादीच नसते, त्याचा सगळा धक्का थेट हप्त्यावर किंवा मुद्दलावर येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे निवडू द्यावे, आणि मुदत वाढवताना कर्ज उलटे वाढत जाणार नाही याची काळजी घ्यावी. हा नियम चांगला आहे, पण उडीच्या वर्षीच दर वाढला तर दोन वाढी एकत्र येतात, हे कोणत्याही नियमाने टळत नाही.

उतरत्या हप्त्याकडे वळू. इथे हिशेब इतका सुरेख आहे की तो सावकाश पाहण्यासारखा आहे. समजा वडील पन्नाशीचे आहेत, दहा वर्षांनी निवृत्त होतील, आणि मुलगी नुकती कमावू लागली आहे. दोघे मिळून तेच तीस लाखांचे कर्ज घेतात. पहिली दहा वर्षे दोघांच्या पगारातून ३०,००० रुपये भरायचे, पुढची दहा वर्षे एकट्या मुलीला झेपेल एवढे. दहा वर्षांनी शिल्लक १५.४९ लाख राहते. ती पुढच्या दहा वर्षांत फेडायला हप्ता लागतो १९,६१८ रुपये.

समान हप्त्याशी तुलना करून पाहा. पहिली दहा वर्षे महिन्याला ३,००८ रुपये जास्त भरले. त्या बदल्यात नंतरची दहा वर्षे महिन्याला ७,३७४ रुपये कमी झाले. तीन हजारांचे सात हजार कसे झाले? नऊ टक्क्यांनी, दर महिन्याला आकारणी होत, एक रुपया दहा वर्षांत दोन रुपये पंचेचाळीस पैसे होतो. ३,००८ ला २.४५ ने गुणले की जवळपास ७,३७४ मिळतात. पहिल्या महिन्यात जास्त भरलेला रुपया एकशेएकविसाव्या महिन्यातल्या २.४५ रुपयांचे काम करतो, दुसऱ्या महिन्यातला एकशेबाविसाव्यातल्या २.४५ रुपयांचे, आणि असेच पुढे. हाच भाव चढत्या हप्त्यात उलटा लागतो: आज न भरलेला एक रुपया दहा वर्षांनी २.४५ रुपये होऊन परत मागायला येतो. या उतरत्या रचनेत एकूण व्याज २९.५४ लाख होते, समान हप्त्यापेक्षा सव्वापाच लाखांनी कमी. सरासरी शिल्लक १६.४१ लाखांवर येते.

मग सगळ्यांनीच उतरता हप्ता का घेऊ नये? कारण त्याची सगळी ताकद दुसऱ्या अर्ध्यात हप्ता उतरण्यात नसून पहिल्या अर्ध्यात जास्त भरण्यात आहे. ज्याला ३०,००० झेपतात आणि ज्याचे उत्पन्न पुढे घटणार नाही, त्याने हप्ता उतरवूच नये. ३०,००० तसेच चालू ठेवले तर कर्ज साडेपंधरा वर्षांत संपते आणि व्याज २५.६६ लाखांवर थांबते. निवृत्तीसारखी ठरलेली घट समोर असेल, तिथेच उतरता हप्ता शोभतो. त्यातही एक काळजी घ्यावी: उतार कधी आणि कितीने होणार हे करारात लिहिलेले असावे. कर्जाच्या कागदांत समान हप्ता आणि तोंडी ‘नंतर कमी करू’ असे असेल, तर दहा वर्षांनी त्या खुर्चीत दुसरे कुणीतरी बसलेले असते.

आता एक मोठा गोंधळ दूर करायला हवा, कारण त्याने पुष्कळांची फसगत होते. ‘हप्ता दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढवा आणि लाखो रुपये व्याज वाचवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो खरा आहे. पण वर आपण पाहिले की पाच टक्के वाढीने दहा लाख जास्त व्याज जाते. दोन्ही बरोबर कसे? फरक सुरुवातीच्या आकड्यात आहे. व्याज वाढवणाऱ्या योजनेत हप्ता १८,८१५ पासून चढतो आणि मुदत वीस वर्षेच राहते. व्याज वाचवणाऱ्या सल्ल्यात तो समान हप्त्यापासून, म्हणजे २६,९९२ पासून चढतो आणि मुदत आखडते. दुसऱ्या वर्षी २८,३४१, तिसऱ्या वर्षी २९,७५८, असे करत गेले तर तीस लाखांचे कर्ज बारा वर्षे आणि एका महिन्यात संपते. व्याज होते २१.९२ लाख, म्हणजे जवळजवळ तेरा लाखांची बचत. शेवटच्या वर्षांत मात्र हप्ता ४६ हजारांवर गेलेला असतो. त्यामुळे चढत्या हप्त्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न हाच असावा: पहिला हप्ता समान हप्त्याच्या खाली आहे की बरोबरीने? खाली असेल तर ती सवलत आहे आणि तिची किंमत द्यावी लागेल. बरोबरीने असेल तर ती मुदतपूर्व फेड आहे, आणि त्यासाठी वेगळी योजना घेण्याचीही गरज नाही.

हे सगळे ओळखायचे कसे? १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसोबत बँकेने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्यात परतफेडीचा महिनावार तक्ता असतो. सहीपूर्वी तो मागून घ्यावा आणि हप्त्याचा रकाना सोडून शिल्लक मुद्दलाच्या रकान्यावर बोट ठेवून खाली यावे. पहिल्या बारा महिन्यांत आकडा उतरत असेल तर मुद्दल फिटते आहे. तोच राहत असेल तर फक्त व्याज चालले आहे. वाढत असेल तर न भरलेले व्याज कर्ज होऊन बसते आहे, मग हप्ता कितीही सोयीचा दिसो. त्यानंतर हप्ता ज्या महिन्यात उडी घेतो तो महिना शोधावा आणि त्या महिन्यात घरात काय चालू असेल, हे आठवून पाहावे. मुलाच्या शाळेचा प्रवेश आणि उडी एकाच जूनमध्ये येत असतील तर ते आजच कळलेले बरे. पाचव्या वर्षाची शिल्लकही पाहावी. बदली होऊन पाचव्या वर्षाअखेर घर विकावे लागले, तर समान हप्तेवाल्याला २६.६१ लाख फेडावे लागतील आणि आपल्या दुसऱ्या उदाहरणातल्या माणसाला ३१.४२ लाख.

चढता हप्ता घेतलाच असेल, तरी तो सोडवण्याची वाट मोकळी आहे. वैयक्तिक कर्जदारांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली. पहिली तीन वर्षे फक्त व्याज भरणाऱ्या आपल्या तरुणाने हप्ता २२,५०० च ठेवून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाअखेर बोनसमधले पन्नास-पन्नास हजार मुद्दलात भरले, तर छत्तिसाव्या महिन्याअखेर शिल्लक २८.३५ लाख राहते. समान हप्ता भरणाऱ्याची त्या दिवशी २८.१५ लाख असते. अंतर फक्त वीस हजारांचे. त्यानंतर त्याने ठरलेला २८,७६४ चा हप्ताच चालू ठेवला, तर उरलेले कर्ज सतरा वर्षांऐवजी पंधरा वर्षांत संपते आणि एकूण व्याज ३१.३६ लाख होते, समान हप्त्याच्या व्याजाहूनही सुमारे साडेतीन लाखांनी कमी. फक्त पैसे भरताना बँकेला लेखी कळवावे लागते की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. हे न कळवल्यास काही बँका हप्ता उतरवतात आणि मुदत होती तेवढीच ठेवतात. नवा तक्ता मागवून त्यातली शेवटच्या हप्त्याची तारीख पाहिली की कोणता पर्याय लागला ते समजते.